थर्मल फोटोतला लाल ठिपका: आधी आकार वाचा, मग तापमान

प्रश्न: बुटीबोरी एमआयडीसीत आमच्या शेडच्या पत्र्यावर १०० किलोवॅटचा सोलर प्लांट आहे, २०१९ सालचा. ३३५ वॅटची ३०० पॅनल, २०-२० पॅनल एकामागे एक जोडलेल्या १५ स्ट्रिंग. युनिट कमी पडताहेत म्हणून जानेवारीत ड्रोनने थर्मल तपासणी करून घेतली. रिपोर्टमध्ये २३ पॅनलवर हॉट स्पॉट दाखवलेत आणि सगळी बदला असं लिहिलंय. पॅनल कंपनी म्हणते, नुसत्या फोटोवर वॉरंटी मिळत नाही. रिपोर्ट आणि ड्रोनच्या मूळ फाइल्स जोडल्या आहेत. हे फोटो वाचायचे कसे, आणि खरंच २३ पॅनल गेली आहेत का?

उत्तर:

नाही. तुमच्या मूळ फाइल्स उघडून एकेक फोटो पाहिला. २३ पैकी खरा दोष असण्याची शक्यता चार पॅनलमध्ये आहे, आणि त्या चारांचाही निकाल मल्टिमीटर लावल्यावरच लागेल. मात्र तुमची युनिटं ज्यामुळे कमी पडताहेत, ते कारण या २३ मध्ये नाहीच. पूर्वेकडून नववी स्ट्रिंग बघा. तिथली वीसच्या वीस पॅनल शेजारच्या स्ट्रिंगपेक्षा सारखीच, साधारण अडीच अंशांनी गरम आहेत. ती स्ट्रिंग वीज देत नाही असं माझं मत आहे. रिपोर्टने भडक दिसणारे ठिपके तेवढे धरले, म्हणून ती सुटली. तेव्हा पॅनलची ऑर्डर सध्या थांबवा.

अडीच अंशांचा फरक महत्त्वाचा का आणि पंधरा अंशांचा लाल ठिपका कमी महत्त्वाचा का, हे समजायला थोडा हिशोब करावा लागेल. तो कळला की पुढचे सगळे फोटो तुम्ही स्वतः वाचू शकाल.

तुमच्या पॅनलमध्ये ७२ सेल आहेत. एक सेल साधारण १५.७ सेंटिमीटर चौरस, म्हणजे २४६ चौरस सेंटिमीटरचा. भर उन्हात, म्हणजे चौरस मीटरला १००० वॅट ऊन असताना, एका सेलवर जवळपास २४.५ वॅट ऊन पडतं. त्यातले सुमारे ४.६५ वॅट वीज होऊन बाहेर जातात, कारण ३३५ भागिले ७२ तेवढेच येतात. थोडं ऊन परावर्तित होतं आणि उरलेले १९-२० वॅट उष्णता बनून तिथेच राहतात. या उष्णतेमुळे चालू पॅनल हवेपेक्षा अंदाजे ३० अंश गरम असतं. आता समजा, ऊन तेवढंच आहे पण पॅनलमधून करंट वाहायचा थांबला. मग ते ४.६५ वॅटही उष्णताच होतात. उष्णता सुमारे पाव पटीने वाढली, म्हणजे पॅनल ५ ते ७ अंशांनी जास्त तापेल. त्याहून फार तापणार नाही, कारण ऊन देतं त्यापेक्षा जास्त ऊर्जा त्याच्याकडे येतच नाही. पूर्ण बंद पडलेलं पॅनल थर्मल फोटोत असं सौम्य, सपाट, एकसारखं उबदार दिसतं. ३३५ वॅट गेलेले असतात आणि फोटोत भडक काहीच नसतं.

भडक ठिपक्याचं गणित वेगळं आहे. सेल एकामागे एक जोडलेले असतात. स्लॅब टाकताना घमेली देणाऱ्यांची रांग असते, तसंच हे आहे. एकाचा हात मंदावला की अख्खी रांग त्याच्या वेगाने चालते. एखाद्या सेलवर पक्ष्याची विष्ठा पडली आणि त्याचा पाव भाग झाकला गेला, तर त्याची करंट द्यायची क्षमता तेवढी कमी होते, पण बाकीचे सेल पूर्ण करंट ढकलत असतात. मग हा सेल वीज बनवायची सोडून वीज खायला लागतो. त्याच्यावरचा व्होल्टेज उलटा होतो. हे हाताबाहेर जाऊ नये म्हणून प्रत्येक २४ सेलमागे, त्या गटाला वळसा घालून करंट पुढे नेणारा एक बायपास डायोड असतो, म्हणजे तुमच्या पॅनलमध्ये तीन. पण डायोड चालू व्हायच्या आधी उरलेल्या २३ सेलचा सगळा व्होल्टेज, जवळजवळ १२ व्होल्ट, त्या एका सेलवर उलटा येऊ शकतो. १२ व्होल्ट आणि ६ अँपिअर म्हणजे ७२ वॅट. ज्या सेलवर एरवी १९-२० वॅट उष्णता होती, तिथे आणखी ७२! प्रत्यक्षात बहुतेक वेळा हा आकडा २०-४० वॅटच्या आसपास राहतो, तरीही तेवढा एकच सेल आजूबाजूपेक्षा १५, २०, कधी ४० अंश जास्त तापलेला दिसायला तो पुरतो.

आता दोन्हींची तुलना करा. एक सेल लाल दिसतोय आणि पॅनलचा बाकी भाग नेहमीसारखा आहे, तर नुकसान साधारण त्या सेलमध्ये जळणाऱ्या २०-४० वॅटचं. पॅनलचा एक तृतीयांश पट्टा, म्हणजे सेलच्या दोन उभ्या ओळी, ५-६ अंशांनी उबदार दिसल्या तर २४ सेल बायपास झालेत आणि ११२ वॅट गेले. पूर्ण पॅनल सपाट उबदार असेल तर ३३५ वॅट. अशा पॅनलची सलग रांग असेल तर ती अख्खी स्ट्रिंग, तुमच्याकडे ६.७ किलोवॅट. युनिटच्या हिशोबाने फोटो वाचायचा असेल तर रंग किती भडक आहे हे सोडा, उबदार भागाचा आकार बघा. तापमानाचा आकडा दुसऱ्या प्रश्नासाठी लागतो: हा ठिपका पॅनलची मागची शीट जाळेल का, काच तडकवेल का. हे दोन प्रश्न एकाच यादीत घातल्यामुळे तुमच्या रिपोर्टची गल्लत झाली आहे.

रंगांबद्दल एक गोष्ट इथेच सांगतो. थर्मल कॅमेरा ऑटो स्केलवर असला की त्या फ्रेममधल्या सगळ्यात थंड बिंदूला निळा आणि सगळ्यात गरम बिंदूला लाल किंवा पांढरा रंग देतो. तुमच्या रिपोर्टच्या एका पानावर पट्टी २४ ते ३१ अंशांची आहे आणि पुढच्या पानावर २२ ते ४९ ची. दोन्हीकडे लाल रंग तितकाच भडक आहे, पण पहिल्या पानावरचा लाल म्हणजे जेमतेम सात अंशांचा खेळ. रंगावरून दोन फोटोंची तुलना होत नाही. त्यासाठी प्रत्येक पिक्सेलचं तापमान साठवलेली रेडिओमेट्रिक फाइल लागते, जिचं नाव बहुतेक ठिकाणी R-JPEG असं दिसतं. तुमच्याकडे ती आहे, हे फार चांगलं झालं. अशी फाइल त्या ड्रोन कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडा, सगळ्या फोटोंना एकच पट्टी लावा, मी तुमच्या फोटोंना २० अंशांची लावली होती, आणि मग परत बघा. नववी स्ट्रिंग मला अशीच दिसली. ऑटो स्केलमध्ये एका लाल ठिपक्याने सगळी पट्टी खाल्ली होती, त्यामुळे अडीच अंशांचा फरक त्याच निळ्या रंगात मिसळून गेला होता.

आता वेळ. फोटो सकाळी ८:५० चे आहेत. तुम्ही दिलेल्या इन्व्हर्टरच्या नोंदीनुसार त्या वेळी प्लांट ३६ किलोवॅटवर होता, म्हणजे पॅनलवर ऊन चौरस मीटरला ४०० वॅटच्या आसपास असणार. या कामासाठीचं आंतरराष्ट्रीय मानक, आयईसी ६२४४६-३, पॅनलच्या पातळीत किमान ६०० वॅट मागतं. त्यामागे कारण आहे. वर काढलेला ६ अंशांचा फरक ऊन ४०० वॅट असताना सहा गुणिले ०.४, म्हणजे २.४ अंशांवर येतो. नववी स्ट्रिंग अडीच अंशच का दिसली, याचं उत्तर इथे मिळतं. ढिल्या सोल्डर जोडाची गोष्ट याहून अवघड. तिथली उष्णता करंटच्या वर्गावर अवलंबून असते, त्यामुळे करंट ४० टक्के असेल तर उष्णता १६ टक्केच निघते. दुपारी २५ अंश दिसणारा जोड सकाळी ४ अंश दिसेल आणि कोणी त्याच्याकडे वळूनही पाहणार नाही. उलट, सकाळच्या तिरप्या उन्हात सावल्या लांब असतात आणि प्रत्येक सावली हॉट स्पॉट तयार करते. म्हणजे या वेळेने तुम्हाला खोटे दोष दाखवले आणि खरे लपवले.

उंचीचंही तसंच. फाइलमधल्या नोंदीप्रमाणे उड्डाण ४० मीटरवरून झालंय. ६४० बाय ५१२ पिक्सेलचा, ९ मिलिमीटर लेन्सचा कॅमेरा ४० मीटरवरून एका पिक्सेलमध्ये सव्वापाच सेंटिमीटर जागा बघतो. एका सेलच्या वाट्याला आडवे तीन आणि उभे तीन पिक्सेल. सोल्डरचा बिंदू एक-दोन सेंटिमीटरचा असतो, तो एका पिक्सेलमध्ये शेजारच्या थंड भागात मिसळून जातो आणि आकडा निम्म्याने कमी दिसतो. प्रत्येक सेलवर निदान पाच बाय पाच पिक्सेल हवेत, म्हणजे एका पिक्सेलला तीन सेंटिमीटरपर्यंत. या लेन्सने त्यासाठी साधारण २२ मीटरच्या खाली यावं लागतं. मी असल्या शेडवर १५ मीटरवरून घेतो. एका फ्रेममध्ये जागा कमी मावते, बॅटरी जास्त लागतात, पण सेल नीट मोजता येतो. ४० मीटरवरून पट्टा, पूर्ण पॅनल, स्ट्रिंग हे आकार नीट कळतात. ठिपक्याच्या तापमानावर मात्र विश्वास ठेवायचा नाही. तुमच्या रिपोर्टने नेमकं उलटं केलंय.

आता ते २३. एकेक गट घेऊ.

बारा पॅनलमध्ये गरम सेल सगळ्यात खालच्या ओळीत आहेत, फ्रेमच्या कडेला लागून. ड्रोनने त्याच वेळी काढलेला साधा फोटो शेजारी ठेवून बघा, खालच्या कडेला मातकट पट्टा स्पष्ट दिसतो. तुमची पॅनल पत्र्याच्या उतारालाच समांतर आहेत, उतार आठ-दहा अंशांचा. एवढ्या कमी उतारावर पाऊस पडला किंवा धुतलं तरी गढूळ पाणी खालच्या फ्रेमच्या काठाशी अडतं आणि वाळून गाळ उरतो. नागपूरच्या आसपास हिवाळ्यात महिनोन्‌महिने पाऊस नसतो, रस्त्याची धूळ असते, कारखान्यांची असते, म्हणून जानेवारीत हा पट्टा जाड झालेला असतो. सगळ्या काचेवर सारखी पसरलेली धूळ हॉट स्पॉट करत नाही, कारण ती सगळ्या सेलचं ऊन सारखंच कमी करते. कडेला साचलेली धूळ करते. शिवाय तुमची पॅनल उभी बसवलेली आहेत. उभ्या पॅनलच्या खालच्या ओळीत तिन्ही डायोडच्या गटांचे प्रत्येकी दोन सेल येतात, त्यामुळे एका पट्ट्याने तिन्ही गट अडतात. पॅनल आडवी असती तर खालचा एकच गट अडला असता. या बारा पॅनलना पाणी आणि मऊ ब्रश हवा. धुणं सकाळी ऊन चढायच्या आधी करा, तापलेल्या काचेवर गार पाणी ओतू नका, काच तडकू शकते. बोअरचं पाणी जड असेल तर वायपरने काच लगेच निपटून घ्या, नाहीतर पांढरे डाग बसतात आणि तेही सावलीचंच काम करतात.

पाच पॅनलमधला गरम भाग तिरपा आहे, सेलच्या चौकटी मोडून जाणारा. दोष सेलच्या कडा मानतो, सावली मानत नाही. हे पाचही पॅनल पत्र्यावरच्या वाऱ्याने फिरणाऱ्या व्हेंटिलेटरच्या पश्चिमेला आहेत. जानेवारीत ८:५० ला सूर्य क्षितिजावर २२-२३ अंश असतो, तेव्हा पाऊण मीटर उंचीच्या व्हेंटिलेटरची सावली पावणेदोन मीटरच्या पुढे जाते. दुपारी बाराला तीच पाऊण मीटरच्या आत येते आणि ठिपका जातो. आज या पॅनलमध्ये दोष दिसत नाही, पण त्यांचे डायोड रोज सकाळी कामाला लागतात, हे ध्यानात ठेवा. डायोड आतून तुटून निकामी झाला तर थर्मल फोटोत काहीच कळत नाही, कारण सावली नसताना त्याचं काम नसतं. कळतं ते सावलीच्या वेळी, जेव्हा सेल भयंकर तापतो. म्हणून या पाचांचे सकाळचे फोटो जपून ठेवा आणि पुढच्या वर्षी याच महिन्यात, याच वेळी परत काढा. ठिपका आजच्यापेक्षा फारच गरम दिसला तर डायोड तपासा. व्हेंटिलेटर हलवणं शक्य असेल तर उत्तमच.

दोन पॅनलमधले ठिपके परावर्तन आहेत. पॅनलची काच या कॅमेऱ्याला आरपार दिसत नाही, तो काचेच्या पृष्ठभागाचंच तापमान बघतो, आणि तिरपं बघितलं की काच आरशासारखी वागते. सूर्य किंवा बाजूची तापलेली भिंत तिच्यात उमटते. ओळखायची रीत सोपी आहे. लागोपाठच्या तीन-चार फ्रेम उघडा. ड्रोन पुढे गेल्यावर ठिपकाही काचेवरून सरकला तर ते परावर्तन. खरा ठिपका त्याच सेलला चिकटून राहतो. तुमच्या दोन्ही पॅनलमध्ये ठिपका पुढच्याच फ्रेममध्ये शेजारच्या पॅनलवर गेलाय.

राहिले चार. दोन पॅनलमध्ये एक तृतीयांश पट्टा उबदार आहे, वरपासून खालपर्यंत, आणि साध्या फोटोत त्यावर घाण किंवा सावली काही नाही. एकात एकच सेल तापलेला आहे, पॅनलच्या मधोमध, काच स्वच्छ. चौथ्यात अनेक सेल इकडे-तिकडे विखुरलेले, कमी-जास्त गरम, ठिगळं लावल्यासारखे दिसतात. असं चित्र पॅनल शॉर्ट झालेलं असताना किंवा बरेच सेल आतून तडकलेले असताना येतं. शिवाय प्रत्येक पॅनलच्या वरच्या भागात एकाच जागी एक बारीक ऊबदार डाग दिसेल, तो मागच्या जंक्शन बॉक्सचा. सगळ्या पॅनलवर सारखा असेल तर तो दोष नाही.

पण या चारांच्या आधी नववी स्ट्रिंग हातात घ्या, कारण तिथे रोजचं नुकसान सगळ्यात जास्त आहे. ६.७ किलोवॅटला दिवसाचे किलोवॅटमागे ४ युनिट धरले तर २७ युनिट रोज. युनिटला ₹८ धरले तरी महिन्याला ₹६,००० च्या वर. आणि हे इतके दिवस कोणाला का कळलं नाही? तुमच्या इन्व्हर्टरच्या एका इनपुटवर दोन किंवा तीन स्ट्रिंग एकत्र जोडलेल्या असतील. ॲपमध्ये त्यांची बेरीज दिसते. एक गेली तर आकडा शून्य होत नाही, कमी होतो, आणि कमी होण्याला धूळ, ढग, हिवाळा अशी हजार कारणं सापडतात.

तपासणी अशी करा. दुपारी बाराच्या सुमारास, स्वच्छ उन्हात, प्लांट चालू असताना, डीसीडीबीमध्ये, म्हणजे सगळ्या स्ट्रिंगच्या वायरी जिथे येतात त्या पेटीत, प्रत्येक स्ट्रिंगच्या वायरला डीसी करंट मोजणारा क्लॅम्प मीटर लावा. चौदा स्ट्रिंग साधारण सारखा आकडा देतील, जानेवारी-फेब्रुवारीत ६ ते ७ अँपिअर. नववी शून्य दिली तर माझं वाचन बरोबर. मग पहिला संशय फ्यूजवर, दुसरा पत्र्यावर पॅनलच्या वायरी जोडणाऱ्या एखाद्या एमसी-फोर कनेक्टरवर. कनेक्टर नीट दाबलेला नसला किंवा दोन वेगवेगळ्या कंपन्यांचे नर-मादी जोडलेले असले की तो हळूहळू तापतो, प्लास्टिक वितळतं आणि शेवटी जोड सुटतो. पत्र्यावर खाली वाकून, पॅनलच्या मागून वायर हाताळत शोधायची वेळ येईल, पण आधी इन्व्हर्टर बंद करा, डीसी आयसोलेटरचा स्विच बंद करा, आणि स्ट्रिंगमध्ये करंट शून्य असल्याची क्लॅम्प मीटरने खात्री करा. चालू करंटमध्ये कनेक्टर ओढला की ठिणगी विझत नाही, डीसीला एसीसारखी शून्यावर येण्याची सवय नाही. आयसोलेटर बंद केल्यावरही २० पॅनल गुणिले ४६ व्होल्ट म्हणजे ९२० व्होल्ट त्या टोकांवर जिवंत असतात. हे काम हजार व्होल्टचे हातमोजे असलेल्या, डीसीवर काम केलेल्या वायरमनकडूनच करून घ्या. कारखान्याच्या मोटारी बघणाऱ्याला यात उतरवू नका.

नववीचं काम झालं, पॅनल धुतली, की चार संशयितांकडे या. प्रत्येक पॅनल स्ट्रिंगमधून सोडवून, उन्हातच, त्याचा ओपन सर्किट व्होल्टेज, म्हणजे मोकळ्या दोन टोकांमधला व्होल्टेज, मोजा आणि शेजारच्या एका चांगल्या पॅनलचाही मोजा. तुमच्या पॅनलच्या लेबलवर ४६ च्या आसपासचा आकडा असेल, पण तो २५ अंशांच्या सेलचा आहे. तापलेलं पॅनल ४१-४२ दाखवेल, म्हणून तुलना शेजाऱ्याशीच करायची. पट्टेवाल्या दोन पॅनलना शेजाऱ्याच्या दोन तृतीयांश, २७-२८ व्होल्ट आले तर २४ सेलचा गट खरोखर बाहेर गेलाय: एकतर डायोड शॉर्ट झालाय, किंवा गटातली सोल्डरची पट्टी तुटलीय आणि करंट कायम डायोडमधून जातोय. पावसाळ्यातल्या विजांच्या झटक्याने डायोड शॉर्ट होतात. जंक्शन बॉक्स उघडता येणारा असेल तर डायोड मल्टिमीटरवर तपासून बदलता येतो आणि पॅनल वाचतं. आत सील ओतलेलं असेल तर ते खोदत बसू नका. व्होल्टेज शेजाऱ्याइतकाच पूर्ण आला तर गट शाबूत आहे, मग घाण किंवा सावलीच कुठेतरी नजरेतून सुटली आहे. घाणीने व्होल्टेज जात नाही, करंट जातो, म्हणून ही एक मोजणी दोन्हींचा निवाडा करते.

एक सेलवाल्या पॅनलचा व्होल्टेज जवळजवळ पूर्णच येईल. तिथे निर्णय तापमानावर घ्यायचा, पण दुपारच्या उन्हात, धुतल्यानंतर, १५ मीटरवरून मोजलेल्या तापमानावर. मी वापरतो ती मोजपट्टी अशी: शेजारच्या सेलपेक्षा १० अंशांपर्यंत फरक असेल तर नोंद करून सोडायचं. १० ते २० असेल तर सहा महिन्यांनी परत बघायचं. २० च्या वर गेला तर पॅनल खालून बघायचं, मागच्या शीटवर पिवळा-तपकिरी डाग किंवा फुगवटा आहे का. ४० च्या वर फरक असला किंवा शीट जळालेली दिसली तर पॅनल त्याच दिवशी स्ट्रिंगमधून काढायचं, वॉरंटीची वाट बघायची नाही. खाली पत्र्याचं शेड आहे, आत माल आहे.

चौथं, ठिगळांचं पॅनल आधी जवळून डोळ्यांनी बघा. काच फुटलेली असेल तर प्रश्नच मिटला. काच शाबूत असेल तर त्याचा व्होल्टेज सांगेल. शून्याजवळ आला तर तिन्ही डायोड शॉर्ट आहेत. व्होल्टेज बरा आणि ठिगळं तशीच, तर सेल तडकलेले असण्याची शक्यता जास्त. पत्र्यावर धुणारी माणसं पॅनलवरून चालतात, तेव्हा हे होतं. काचेला काही होत नाही, सेल आत तडकतात. धुणाऱ्यांना चालायला वेगळी वाट करून द्या.

फेरउड्डाण फेब्रुवारीच्या मध्यापासून मार्चपर्यंत, सकाळी ११ ते दुपारी २ मध्ये करा. शेडचा एक उतार उत्तरेकडे असेल, तर त्या बाजूच्या पॅनलवर जानेवारीत भर दुपारीही ६०० वॅट जेमतेम मिळतात. एप्रिल-मेमध्ये ऊन भरपूर असतं, पण बरेच ड्रोन ४० अंशांपर्यंतच्या हवेसाठीच बनवलेले असतात आणि आपल्याकडची दुपार ते ओलांडते. ढग मध्येच येऊन गेला तर पॅनल पुन्हा स्थिर तापायला १०-१५ मिनिटं द्या. वारा जोराचा असेल तर ठिपके थंड दिसतात, तो दिवस सोडा. लाइट गेलेली नाही ना आणि इन्व्हर्टर पूर्ण लोडवर आहे ना, हे उडवताना कोणीतरी खाली उभं राहून बघत राहिलं पाहिजे. ग्रिड ट्रिप झाली की तीनशेच्या तीनशे पॅनल सारखी सपाट दिसतात आणि दोष दिसत नाहीत. परवानगीचं ड्रोनवाल्याला विचारा: व्यावसायिक उड्डाणाला रिमोट पायलट सर्टिफिकेट लागतं, आणि जागा कोणत्या रंगाच्या क्षेत्रात आहे ते सरकारच्या Digital Sky च्या नकाशावर त्याच दिवशी बघायचं असतं.

वॉरंटीसाठी कंपनी नुसता रंगीत फोटो नाकारते, त्यात तिचं चूक नाही. वरून बारा पॅनल मातीने गरम दिसत असतील तर तिनेही का मानावं? प्रत्येक संशयित पॅनलमागे एवढं द्या: सिरियल नंबरचा फोटो, धुतल्यानंतरचा साधा फोटो आणि त्याच वेळची R-JPEG फाइल, त्या क्षणी सोलर मीटरने मोजलेली उन्हाची तीव्रता, पॅनलचा आणि शेजाऱ्याचा ओपन सर्किट व्होल्टेज, आणि जमलं तर पॅनल किती व्होल्टला किती करंट देतं ते मोजणाऱ्या आयव्ही कर्व्ह ट्रेसरचा आलेख. तो ट्रेसर तासाभराच्या भाड्याने मिळवता आला तर फार बरं, कारण कंपनीची कामगिरीची वॉरंटी वॅटवर चालते, अंशांवर नाही. पट्टा गेलेलं पॅनल ३३५ ऐवजी २२० च्या आसपास देतंय, हे आलेखावर दिसलं की वाद उरत नाही. एका सेलचा हॉट स्पॉट मात्र या वॉरंटीत बसेलच असं नाही, तिथे उत्पादनदोषाची वॉरंटी बघावी लागते. तुमच्या कागदात ती १० वर्षांची असेल तर २०२९ पर्यंत चालू आहे. बिलाची तारीख आणि पॅनलची सिरियल यादी आजच शोधून बाजूला काढा. बसवणाऱ्याने ती यादी दिली नसेल तर पॅनल सोडवायला वायरमन वर चढेल तेव्हाच सगळ्या नंबरांचे फोटो काढून घ्यायला सांगा.

नववीचा क्लॅम्प मीटरचा आकडा आणि चारांचे व्होल्टेज इथेच टाका, मग पुढचं बघू.